आचाऱ्याचा अर्ज कसा वाचावा

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे आणि भाषण करण्याची मला सवय नाही. पण आमच्या दिरांचे हमरस्त्यावर हॉटेल आहे हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. तिथे आचारी ठेवायचा झाला की आलेले अर्ज भाऊजी आमच्या घरी घेऊन येतात. इंग्रजी अर्ज आमची पुतणी वाचून दाखवते, मराठी मी स्वतः वाचते, आणि मग माणसाला एक दिवस कामावर बोलावून त्याच्या हातचे खाऊन पाहण्याचे काम माझ्याकडे असते. गेली सातआठ वर्षे हे चालले आहे. आपल्या मंडळातल्या कितीतरी जणींची मुले, भाचे हॉटेलच्या धंद्यात आहेत, आणि काही भगिनींना स्वतःलाही असे काम हवे आहे. म्हणून चिटणीसबाईंनी सांगितले की, हॉटेलवाला अर्जात काय पाहतो ते एकदा सांगा. तेच सांगते.

अर्ज हा एकटा वाचायचा नसतो. त्याच्या शेजारी जाहिरात ठेवायची आणि दोन्ही मिळून वाचायचे. पत्रिका जुळवताना आपण दोन्ही कागद समोर घेतो, तसेच. मागल्या खेपेची भाऊजींची जाहिरात अशी होती: “मुख्य आचारी पाहिजे. महाराष्ट्रीय व पंजाबी जेवण. बैठक ६०. दुपारी १२५ ते १५० थाळ्या, संध्याकाळी मागणीप्रमाणे. तंदूरला व पोळ्यांना वेगळी माणसे आहेत. स्वच्छतेचे प्रशिक्षण हवे. पदार्थाची किंमत काढता आली पाहिजे.” म्हणजे यात चार प्रश्न आहेत. काय काय करता येते, किती माणसांचे करता येते, स्वच्छतेचा पुरावा काय, आणि ताटाचा हिशेब येतो का. त्या वेळी तीन अर्ज विचारात घेण्याजोगे आले. त्या तिघांवरूनच सांगते, म्हणजे आपणांस नीट कळेल. नावे कुणाचीच सांगत नाही.

पहिला अर्ज चांगला दोन पानी छापलेला, वर उंच पांढरी टोपी घातलेला फोटो. आठ वर्षांत पाच हॉटेले. पदार्थांच्या रकान्यात भारतीय, चायनीज, कॉन्टिनेंटल, इटालियन, मेक्सिकन, थाई असे सहा प्रकार. भाऊजी खूश झाले. मी पुतणीला म्हटले, “प्रत्येक हॉटेलात तो कोण होता ते वाच.” पहिल्या दोन वर्षांच्या नोकऱ्यांपुढे ‘कॉमी’ असे लिहिले होते. मोठ्या हॉटेलात कॉमी म्हणजे शिकाऊ हात. तो कांदा कापतो, वाटण काढून देतो, सामान मोजून ठेवतो आणि वरच्या आचाऱ्याच्या शेजारी उभा राहून शिकतो. हे काम हलके नव्हे, सगळे तिथूनच वर जातात. पण ज्या हॉटेलात इटालियन जेवण मिळते तिथे सहा महिने कांदा कापला म्हणून इटालियन जेवण करता येते असे होत नाही.

म्हणून माझी पद्धत अशी आहे की, प्रत्येक प्रकारापुढे पेन्सिलीने तीन गोष्टी लिहायच्या: कोणत्या घरी, किती महिने, आणि कुणाला न विचारता स्वतःच्या हाताने कोणते पदार्थ केले. फोनवर विचारले तर प्रामाणिक माणूस सरळ सांगतो. या गड्यानेही सांगितले. सहा प्रकारांचे दोन उरले: पंजाबी तीन वर्षे आणि चायनीज एक वर्ष. तो खोटे बोलला असे मी म्हणणार नाही. अर्ज लिहून देणाऱ्या दुकानदाराने त्याच्या तोंडात ते सहा प्रकार घातले होते.

आता पंजाबी म्हणून त्याने जवळजवळ ५० भाज्यांची नावे दिली होती. त्यातली गंमत ऐका. हॉटेलातली पंजाबी भाजी ही बहुतेक तीन ग्रेव्हींवर उभी असते. एक टोमॅटोची लाल, एक कांदा-टोमॅटोची तपकिरी, आणि एक काजू-मगजाची पांढरी. सकाळी या तीन ग्रेव्ही मोठ्या पातेल्यांत तयार करून ठेवतात. रात्री गिऱ्हाइकाने मागितले की, कढईत थोडी ही, थोडी ती, वर पनीर किंवा वाटाणा किंवा कोफ्ता, शेवटी लोणी, साय किंवा कसुरी मेथी, की वेगवेगळ्या नावाची भाजी तयार. तेव्हा ५० नावे पाहून दबून जाऊ नये, खाली पाया किती पदार्थांचा आहे ते मोजावे. उलट आपल्या महाराष्ट्रीय ताटाला असा एक पाया नसतो. मटकीच्या उसळीला मोड आणावे लागतात, भरल्या वांग्यांचा मसाला वेगळा, पिठले आयत्या वेळी घोटावे लागते, अळूच्या भाजीला चिंच कमी पडली तर घसा खवखवतो. आठच नावे असली तरी ती आठ वेगळी कामे आहेत. या गड्याच्या अर्जात महाराष्ट्रीय पदार्थ एकही नव्हता आणि आमच्या दुपारच्या १२५ थाळ्या तर सगळ्या महाराष्ट्रीय. पण त्याच्या तीन ग्रेव्हींना रोज तीच चव येते हे खाऊन पाहिल्यावर कळले, आणि संध्याकाळच्या कामाला तेच लागते.

दुसरा अर्ज लग्नकार्यातल्या आचाऱ्याचा. हाताने लिहिलेला, एकच पान, अक्षर सुंदर. “एका पंगतीला १००० पानांचा अनुभव.” भाऊजी म्हणाले, “हजार पाने करणाऱ्याला १५० म्हणजे काय!” इथे बहुतेक लोक फसतात, म्हणून जरा थांबून सांगते.

लग्नात जेवण एकच, माणसे किती ते आधी ठरलेले, वेळ ठरलेली. आदल्या रात्रीपासून भाजी चिरणाऱ्या बायका, वाटणारे, उचलणारे, असे दहाबारा हात हाताखाली. हॉटेलात संध्याकाळी यातले काहीच नसते. आमचाच हिशेब पाहा. ६० खुर्च्या साडेसात ते साडेदहा या तीन तासांत दोनदा भरल्या तर १२० माणसे. चारचौघांचे एक टेबल धरले तर ३० टेबले. प्रत्येक टेबलाने तीन भाज्या मागवल्या तर ९० भाज्या. तीन तास म्हणजे १८० मिनिटे. दर दोन मिनिटांना एक भाजी कढईतून उतरली पाहिजे, आणि पुढची कोणती ते माहीत नाही. शिवाय गिऱ्हाईक काही मोजून येत नाही, नऊच्या सुमारास सगळे एकदम येतात. तेव्हा अर्जात नुसता माणसांचा आकडा पाहून भागत नाही. किती माणसे, किती वेळात, किती हातांनी आणि किती पदार्थ, हे चारही मिळून तो आकडा खरा होतो.

तरी लग्नाच्या आचाऱ्याचे ज्ञान मोठे असते, ते मी कमी लेखत नाही. मोठे पातेले हे घरच्या पातेल्याचे दहा पट नसते. घरी आपण वाटीभर तांदळाला दोन वाट्या पाणी घालतो. दहा किलो तांदळाला त्याच मापाने दुप्पट पाणी घातले तर लगदा होतो, कारण मोठ्या पातेल्यातून वाफेने जाणारे पाणी त्या मानाने फार थोडे असते. मीठ, तिखट, लवंगा यांचेही तसेच. दहा पट माणसांना दहा पट लवंगा घालून पाहा, कोणी तोंडात घेणार नाही. म्हणून मी उमेदवाराला विचारते, “दहा किलो तांदळाला पाणी किती?” ज्याने केलेले नसते तो ताबडतोब आकडा सांगतो. ज्याने केलेले असते तो उलट विचारतो, “तांदूळ जुना की नवा?” या आचाऱ्याने तेच विचारले. पण संध्याकाळच्या मागणीप्रमाणे भाज्या देण्याचे काम त्याने कधी केलेले नव्हते आणि करायची इच्छाही नव्हती. त्याला नोकरी दिली नाही, मात्र वाढदिवस, बारसे अशी मोठी मागणी आली की भाऊजी आता त्यालाच बोलावतात.

तिसरा अर्ज आपल्याच आळीतल्या एका वहिनींचा. त्यांना विचारून सांगत आहे. वहीच्या फाडलेल्या पानावर चार ओळी होत्या. “घरगुती स्वयंपाक येतो. खाणावळ चालवत होते. कष्टाची तयारी आहे. काम मिळावे ही विनंती.” भाऊजींनी कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिले होते, “हॉटेलचा अनुभव शून्य.” वहिनींनी १४ वर्षे कॉलेजच्या मुलांची खाणावळ चालवली. कॉलेजने वसतिगृहातच जेवणाची सोय केली आणि वर्षभरात ४० मुलांची सहा राहिली. यजमान अंथरुणाला खिळलेले, धाकटा मुलगा बारावीत. त्यांना दानधर्म नको होता, नोकरी हवी होती. आणि त्यांच्या अर्जात नोकरीला लागणारे सगळे होते, फक्त लिहिलेले नव्हते. ते कसे, ते पुढे येईल. आधी स्वच्छतेचे सांगते.

स्वच्छतेच्या कागदांत फार गोंधळ असतो. पहिल्या गड्याने लिहिले होते, “एफएसएसएआय प्रमाणपत्रधारक”, आणि पुढे १४ आकडी क्रमांक. हा १४ आकडी क्रमांक आपण बिस्किटाच्या पुड्यावरही पाहतो. अन्नसुरक्षेचा कायदा २००६ साली झाला, परवान्याचे नियम २०११ चे. त्याप्रमाणे अन्नाचा धंदा करणाऱ्याने परवाना किंवा नोंदणी घ्यायची असते आणि हा क्रमांक त्या धंद्याचा असतो. म्हणजे या गड्याने आपल्या जुन्या हॉटेलचा परवाना स्वतःच्या नावावर लिहिला होता. घराच्या दाराचा क्रमांक भाडेकरूच्या अंगावर लावल्यासारखे ते झाले. फोनवरून तो परवाना कोणाच्या नावावर आहे ते पाहता येते. पुतणीने पाहिले, तो हॉटेलच्याच नावावर होता.

माणसाचे स्वतःचे असते ते प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र. त्याला फॉस्टॅक म्हणतात. हे प्रशिक्षण फार तर एका दिवसाचे असते आणि प्रमाणपत्रावर नाव, प्रकार आणि तारीख असते. तारीख पाहावीच, कारण ते कायमचे नसते. परवाना असलेल्या हॉटेलात दर २५ कामगारांमागे असा एक तरी प्रशिक्षित माणूस असावा अशी अपेक्षा आहे, म्हणून मालक ते मागतो. तिसरा कागद वैद्यकीय तपासणीचा. अन्न हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा डॉक्टरांकडून तपासणी व्हावी लागते. हा कागद जुन्या हॉटेलात राहून जातो, म्हणून आपल्या मुलांना सांगा, नोकरी सोडताना एक प्रत मागून घ्यावी.

वहिनींकडे मात्र गंमत उलटी होती. त्यांच्या खाणावळीची नोंदणी त्यांच्या स्वतःच्या नावावर होती, तेव्हा तो १४ आकडी क्रमांक खरोखर त्यांचा. पण तो धंद्याचा कागद झाला, प्रशिक्षणाचा नव्हे. त्यांनी अर्जात तो लिहिलाच नव्हता. आणि प्रशिक्षण त्यांचे झालेले नव्हते.

प्रमाणपत्र असले तरी मी एक प्रश्न विचारतेच. “दुपारची उसळ आणि भात उरला, तर काय करता?” एका दिवसाच्या वर्गात काय ऐकले ते यावरून कळत नाही, पण रोज काय करतो ते कळते. शिजलेले अन्न ५ अंशांच्या खाली थंड असावे किंवा ६० अंशांच्या वर गरम असावे. मधल्या कोमटपणात जंतू भराभर वाढतात. खोल पातेल्यात झाकण घालून ठेवलेली उसळ चार तासांनीसुद्धा मधोमध कोमट असते. म्हणून पसरट थाळ्यांत उथळ ओतून, लवकर निववून शीतकपाटात ठेवायची, आणि लागेल तेव्हा लागेल तेवढीच काढून खळखळ उकळायची. भाताचे तर त्याहून जपावे लागते. भातातल्या एका जंतूचे बीज शिजवूनही मरत नाही, आणि कोमट भातात तो वाढला की असे विष करतो की पुन्हा तापवले तरी जात नाही. पहिला गडी म्हणाला, “फ्रिजमध्ये ठेवतो.” कसा, ते सांगता आले नाही. वहिनी म्हणाल्या, “भात मोजूनच टाकते, उरत नाही. उरला तर परातीत पसरून पंख्याखाली, निवला की लगेच फ्रिजमध्ये. सकाळी फोडणीचा भात घरचे खातात, मुलांना देत नाही.” अंश त्यांना माहीत नव्हते, पण काम बरोबर होते. प्रशिक्षण नंतर करून घेता येईल असे भाऊजींनाही पटले.

आता हिशेब. हा भाग मला सर्वांत आवडतो आणि याच ठिकाणी वहिनींचे पारडे जड झाले.

हॉटेलच्या धंद्यात साधारण रिवाज असा की, ताटात पडणारा माल विक्रीच्या किमतीच्या ३० ते ३५ टक्के असावा. बाकीच्यात भाडे, पगार, गॅस, वीज आणि मालकाचे पोट. पहिल्या गड्याने अर्जात लिहिले होते, “मालाचा खर्च १८ टक्क्यांवर आणला.” असे वाक्य आले की विचारावे, कोणत्या पदार्थाचा आणि आधी किती होता? चहाचा खर्च १८ टक्के असू शकतो, मटणाचा नव्हे. काही वेळा तो खर्च वाटी लहान करूनही कमी केलेला असतो. मी त्याला साधा प्रश्न दिला. “ताटात ५२ रुपयांचा माल आहे. माल ३० टक्के ठेवायचा तर ताट कितीला विकाल?” तो म्हणाला, “५२ वर ३० टक्के म्हणजे साडेसदुसष्ट.” भगिनींनो, ६७ रुपयांना ताट विकले तर हॉटेल महिन्याभरात बंद. माल हा विक्रीचा ३० टक्के असला पाहिजे, मालावर ३० टक्के चढवायचे नसतात. ५२ ला ३० ने भागून १०० ने गुणायचे. उत्तर येते १७३ रुपये. ही चूक फार जण करतात.

वहिनींना टक्के येत नव्हते. त्यांना मी विचारले, “तुमच्या खाणावळीत एक ताट कितीला पडायचे?” त्यांनी क्षणाचाही विचार न करता सांगितले. महिन्याचे ३२०० रुपये घ्यायच्या. ३० दिवस, दोन वेळा, त्यातून चार रविवार संध्याकाळी सुट्टी, म्हणजे ५६ जेवणे. ताटामागे ५७ रुपये आले. त्यात माल ३२ च्या वर जाऊ द्यायचा नाही, बाकी गॅस, मदतीची बाई आणि स्वतःचे. कांदा महागला म्हणून मुलांकडे पाच रुपये जास्त मागता येत नाहीत, दर वर्षाचा बांधलेला. मग त्या आठवड्यात कांद्याच्या कोशिंबिरीऐवजी कोबीची. १४ वर्षे हे दर आठवड्याला केले. ५७ पैकी ३२ म्हणजे ५६ टक्के माल. भाऊजी दचकले, “आमच्याकडे इतका परवडत नाही.” खरेच आहे. घर स्वतःचे, वाढपी नाहीत, दिव्यांची रोषणाई नाही, म्हणून तिथे तो परवडला. टक्केवारी जागेप्रमाणे बदलते. पाहायचे ते हे की माणसाला प्रत्येक ताट आतून मोजता येते का.

मग त्यांना भाऊजींच्या १६० रुपयांच्या थाळीचा हिशेब करायला दिला. त्यांनी दिनदर्शिकेच्या पानामागे केला, आपल्या बाजारातल्या त्या दिवसाच्या भावाने. तीन पोळ्यांची कणीक आणि तेल ६ रुपये. ६० ग्रॅम तांदळाचा भात ३ रुपये ६० पैसे. आमटी ५, उसळ ८, कोशिंबीर ५, पापड-लोणचे-लिंबू ४ रुपये ४० पैसे, गोडाची वाटी ८. वांग्याच्या भाजीपाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “वांगी ६० रुपये किलो, पण किलोतली शंभर ग्रॅम किडकी निघतात. पातेल्यात जाते ती ६७ रुपये किलोने.” हे वाक्य ऐकून मी भाऊजींकडे पाहिले. विकत घेतलेला किलो आणि पातेल्यातला किलो वेगळा, हे कळणारा आचारी मालकाला दर दिवसाला पैसे वाचवून देतो. वांग्याची भाजी १२ रुपये. एकूण ५२.

आणि मग त्यांनी विचारले, “पुन्हा वाढता का?” आमच्याकडे वाढतात. त्यांनी सरासरी एक पोळी आणि अर्धी वाटी उसळ धरून आणखी ६ रुपये मिळवले. ५८ झाले. १६० च्या ताटाला ते ३६ टक्क्यांच्या वर जातात. भाऊजी इतकी वर्षे ५२ धरून चालले होते आणि महिनाअखेर मालाचे बिल का जुळत नाही म्हणून भांडारातल्या पोऱ्यावर ओरडत होते. पोऱ्या बिचारा निर्दोष.

मग वहिनींचा अर्ज आम्ही दोघींनी बसून पुन्हा लिहिला. तो असा: “१४ वर्षे स्वतःची खाणावळ, रोज ४० माणसे, दोन्ही वेळ, मदतीला एक बाई. स्वतः करत असलेले पदार्थ: पाच उसळी, भरली वांगी, अळू, पिठले, आमटीचे चार प्रकार, सणाचे गोड. खाणावळीची नोंदणी स्वतःच्या नावे, क्रमांक सोबत. फॉस्टॅक प्रशिक्षण झालेले नाही, करण्याची तयारी आहे. ५७ रुपयांच्या ताटाचा मालखर्च ३२ रुपयांत ठेवला. पंजाबी जेवण व संध्याकाळचे मागणीप्रमाणे काम केलेले नाही.” शेवटची ओळ वहिनींना नको होती. मी म्हटले, असू द्या. जे येत नाही ते कागदावर असले की जे येते त्यावर मालकाचा विश्वास बसतो, आणि पहिल्याच दिवशी तंदूरपुढे उभे राहायची वेळ येत नाही.

मात्र ४० वरून १५० वर उडी मोठी असते, ते कागदावर मिटत नाही. म्हणून भाऊजींना मी दोन दिवस मागितले. पहिल्या दिवशी निम्म्या थाळ्या, ६०. त्या दिवशी काहीच अडले नाही. दुसऱ्या दिवशी १४०. मोठ्या भट्टीची ज्योत घरच्या शेगडीसारखी नसते, आणि मटकीची उसळ खाली लागली. वहिनींनी ती खरवडली नाही, ढवळलीही नाही. वरची वर दुसऱ्या पातेल्यात काढून घेतली, चव पाहिली, आणि खालची तशीच टाकून दिली. किती गेली ते मोजून सांगितली, दोन किलो. पंगत दहा मिनिटे उशिरा बसली. आमटीत मीठ त्यांनी हिशेबाने टाकले नाही, तीनदा वेगळ्या चमच्याने चाखून टाकले. अर्जात न दिसणाऱ्या या गोष्टी पाहायला एक दिवसाचे काम द्यावेच लागते, आणि त्या दिवसाचे पैसेही द्यावेत. फुकट राबवून घेऊन “कळवतो” म्हणणारे मालक आहेत. आपल्या मुलांना हे आधीच विचारून घ्यायला सांगा.

शेवटी जाहिरातच दोन भागांत तोडली. संध्याकाळ पहिल्या गड्याकडे, दुपारची थाळी आणि रोजचा मालाचा हिशेब वहिनींकडे. पगारावर थोडे वाजले. भाऊजी म्हणत होते, घरगुती अनुभव आहे, गड्यापेक्षा ३००० रुपये कमी देऊ. मी म्हटले, गड्याला हिशेब येत नाही, तो तुम्ही वहिनींकडून करून घेणार, मग त्या हिशेबाचा पगार कोणाला? दोन दिवस भाऊजी आमच्याकडे चहाला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते बरोबरीचा पगार कबूल करून. थाळी आता १७० रुपये झाली आहे. वहिनींचे प्रशिक्षण मागल्या महिन्यात झाले. आणि कामावर रुजू झाल्या त्या दिवशी त्यांनी भाऊजींकडे मागितलेली पहिली वस्तू म्हणजे वजनकाटा. हॉटेलात काटा होता, पण माल उतरवून घ्यायच्या मागल्या दाराशी. आता एक स्वयंपाकघरातही आहे, कणकेच्या डब्याशेजारी.